व्ह्यूज अचानक पडले, सपोर्टला मेल केला: सगळे विचारतात ते प्रश्न

मार्चमधे आमच्या चॅनेलचे व्ह्यूज एका दिवसात जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली आले आणि कशामुळं ते कुणी सांगेना. सपोर्टला दोन मेल केले, पहिला वाया गेला, दुसऱ्यावर उत्तर आलं. तेव्हापासून कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली इकडची चॅनेलवाली पोरं रोज फोन करून तेच तेच विचारतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून त्यांच्याकडं सुरू आहे आणि मला भांडण नको, काम व्हायला पाहिजे.

नेमकं काय झालं होतं?

आमचं चॅनेल सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीन, त्यांच्या प्रोग्रॅमिंगचं आहे, मराठीत. जी कोड कसा लिहायचा, टूल ऑफसेट कसा घ्यायचा, ड्रॉइंग कसं वाचायचं असलं. बघणारी पोरं बहुतेक उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इकडची, थोडी पुण्याची चाकणची. आयटीआय करून नुकती कामाला लागलेली.

मार्चच्या 9 तारखेपर्यंत दिवसाला सरासरी 6200 व्ह्यूज पडायचे. 10 तारखेला मंगळवारी 4400 आले. म्हटलं होतंय कधीतरी. बुधवारी 4300, गुरुवारी 4350. पुढं दोन आठवडे तिथंच. खाली जात नाही, वर येत नाही, पायरी उतरल्यासारखं एक पाऊल खाली येऊन थांबलं. हे "पायरी" लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच उलगडलं. लोकांचा इंटरेस्ट कमी झाला की आलेख उतारासारखा हळूहळू घसरतो, एका रात्रीत पायरी पडली म्हणजे बहुतेक वेळा कुठंतरी यंत्रणेत काहीतरी बदललंय.

मार्च एंड होता, परीक्षा होत्या, त्यामुळं पडले असतील की?

घरात, मित्रांत, सगळ्यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं. मार्च एंडला कारखान्यात डिस्पॅचची गडबड असते, पोरं ओव्हरटाइमला असतात, बघायला वेळ कुठला. मलाही दोन दिवस पटलं होतं. पण मार्च एंडची गडबड काय 10 तारखेला मंगळवारी सकाळी एकदम सुरू होत नाही, ती वाढत जाते. आणि गडबड संपून एप्रिल उजाडला, तरी आकडा तिथंच.

दुसरं म्हणजे गडबड असली तर मोबाइलवरचं बघणंही कमी व्हायला पाहिजे. ते कमी झालं नव्हतं. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी फक्त एकूण आकडा बघत बसलो होतो.

पहिल्या मेलमधे काय लिहिलेलं?

आता वाचताना वाईट वाटतं, पण दुसऱ्या कुणी तसाच पाठवू नये म्हणून देतोय:

> "आमच्या चॅनेलचे व्ह्यूज तुम्ही 10 मार्चपासून कमी केलेत. आम्ही पाच वर्षं मेहनत करतोय, कुठलाही नियम मोडलेला नाही. आमची रीच का दाबली ते सांगा आणि व्ह्यूज परत करा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. व्ह्यूज कमीजास्त होत असतात, सीझन, स्पर्धा, प्रेक्षकांची आवड अशी बरीच कारणं असतात, चांगला कंटेंट बनवत राहा, खाली तीन लिंका. तिकीट बंद.

राग आला होता पण शांत डोकं करून बघितलं तर चूक माझ्याच मेलमधे होती. मी "रीच दाबली" असं लिहिलं म्हणजे तक्रार शिफारशीची झाली, व्हिडिओ लोकांना कमी दाखवला जातोय अशी. ती तक्रार त्यांच्याकडं रोज ढिगानं येते आणि तिचं ठरलेलं उत्तर आहे. खरी तक्रार वेगळी होती, की लोक बघताहेत तितकेच पण मोजले कमी जाताहेत. "बघणं कमी झालं" आणि "मोजणं कमी झालं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टेबलं वेगळी, माणसं वेगळी, उत्तरं वेगळी. मेलच्या पहिल्या ओळीत हे स्पष्ट नसलं तर तो चुकीच्या खणात जातो.

मग खरं कारण कसं सापडलं?

एका वर्कशॉपमधे. उद्यमनगरात ओळखीच्या एका दादांचं जॉबवर्कचं शेड आहे, दोन टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी. त्यांच्याकडं इन्सर्ट द्यायला गेलो होतो. आत कोपऱ्यात एक जुना पीसी, कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर, त्या कव्हरवर पण बोटांचे तेलकट ठसे, आणि स्क्रीनवर अर्ध्या भागात ड्रॉइंग आणि अर्ध्या भागात माझाच व्हिडिओ चाललेला. ऑपरेटर पोरगा थ्रेडिंग सायकल लिहीत होता, एक ओळ व्हिडिओत बघायचा, पॉज करायचा, कागदावर लिहायचा. मला बघून उठला, म्हणाला सर रोज लावतो आम्ही, तुमचा हा तर पाचव्यांदा बघतोय.

मी सहज ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं तर जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरचं लाल चिन्ह, त्याच्यावर 41 आकडा. म्हटलं हे काय रे. तो म्हणाला जाहिराती येतात सर मधेच, हात तेलकट असतो, स्किप करायला माउस धरायचा कुणी, म्हणून शेजारच्या शेडमधल्या पोरानं सगळीकडं टाकून दिलाय.

घरी येऊन पहिल्यांदा ॲनालिटिक्समधे डिव्हाइसप्रमाणं आकडे काढले. हे मी दोन आठवडे आधी करायला पाहिजे होतं. 10 मार्चच्या आधीचे 28 दिवस आणि नंतरचे 28 दिवस, रोजची सरासरी:

- कॉम्प्युटर: आधी 3700, नंतर 1850
- मोबाइल: आधी 2200, नंतर 2200
- टीव्ही: आधी 300, नंतर 300

बरोबर निम्मे. आणि पडले ते सगळे कॉम्प्युटरवरचे. मोबाइल आणि टीव्हीला धक्काही नाही. लाइक बघितले तर आधी दिवसाला 250, नंतर 247. कॉमेंट तेवढ्याच. म्हणजे शंभर व्ह्यूजमागं चार लाइक पडायचे ते आता साडेपाचच्या वर गेले. लोकांना व्हिडिओ एका रात्रीत एवढा जास्त आवडायला लागला असं होत नाही, खालचा आकडा कमी झाला म्हणून गुणोत्तर वर गेलं.

ब्लॉकर तर जाहिरात अडवतो, मग व्ह्यू कसा अडेल? व्हिडिओ तर चालतोय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथंच सगळं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

व्हिडिओ चालणं आणि व्ह्यू मोजला जाणं या दोन वेगळ्या निरोपांवर चालतात. तुम्ही प्ले दाबलं की ब्राउझर सर्व्हरकडून व्हिडिओचे तुकडे मागवतो, ते येतात, चित्र दिसतं. त्याच वेळी तुमच्या ब्राउझरमधला प्लेअर अधूनमधून सर्व्हरला उलटे छोटे निरोप पाठवत असतो, की इथं व्हिडिओ सुरू झाला, इतके सेकंद झाले, पॉज केला, पुढं गेला. हे निरोप वेगळ्या पत्त्यावर जातात. तिकडं ते गोळा होतात, बॉट आहे का खरा माणूस आहे ते तपासलं जातं, आणि मग आकडा वाढतो.

आता हे असलं निरोप पाठवणं ब्लॉकरच्या नजरेत पाळत ठेवण्यासारखंच दिसतं. जाहिरातवाले तुमच्यावर लक्ष ठेवायला जे करतात त्याची घडण आणि याची घडण एकच. त्यामुळं ब्लॉकरच्या यादीत त्या पत्त्याचा नियम आला की निरोप ब्राउझरच्या बाहेरच पडत नाही. व्हिडिओ पूर्ण बघितला, शिकला, लाइक केला, आणि मोजणाऱ्याला पत्ताच नाही.

लाइक का मोजला जातो तर तो तुम्ही बटण दाबल्यावर तुमच्या अकाउंटच्या नावानं वेगळा जातो, त्याला अडवलं तर साइटच मोडेल, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मोबाइलचा आकडा का नाही पडला तर आमची पोरं मोबाइलवर ॲपमधेच बघतात, आणि ब्राउझरचं एक्स्टेन्शन ॲपमधे शिरू शकत नाही. टीव्हीचं तेच.

म्हणून आमच्यासारख्या चॅनेलला हा फटका जास्त बसला. आमचा प्रेक्षक ड्रॉइंग शेजारी ठेवून पीसीवर बघतो. रेसिपीचं किंवा कीर्तनाचं चॅनेल असतं तर निम्म्याहून कितीतरी जास्त लोक मोबाइलवर असते आणि मालकाला कळलंही नसतं.

पण ब्लॉकर तर आधीपासून होते. मग 10 तारखेलाच का?

कारण बदलला तो ब्लॉकर नाही, त्याच्यातली यादी. ब्लॉकर हे नुसतं गेटवरचं माणूस, कुणाला आत सोडायचं कुणाला नाही याची यादी त्याला बाहेरून येते. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी अशा मोठ्या याद्या आहेत, त्या उघडपणे सगळ्यांसमोर सांभाळल्या जातात, जगभरातली माणसं त्यात भर घालतात. ब्लॉकर आपोआप थोड्या थोड्या दिवसांनी नवी यादी उतरवून घेतो, वापरणाऱ्याला काही दाबावं लागत नाही. त्यामुळं एक ओळ यादीत पडली की दोन चार दिवसांत शिरोलीपासून शिकागोपर्यंत सगळीकडं लागू.

ती ओळ दिसायला एवढीशी असते. नमुना म्हणून, पत्ता खरा नाही:

```
||example.com/player/log_event$xmlhttprequest
```

म्हणजे या पत्त्यावर ब्राउझरमधून मागच्या दारानं जाणारा निरोप अडवा. बस एवढंच.

हे मी मनानं सांगत नाही. 2025 च्या ऑगस्टमधे यूट्यूबवर जगभरातल्या बऱ्याच चॅनेलना असंच झालं, कॉम्प्युटरवरचे व्ह्यूज एकदम खाली, लाइक आणि कमाई जिथल्या तिथं. टेक्नॉलॉजीच्या चॅनेलना जास्त, कारण त्यांचा प्रेक्षक ब्लॉकर वापरणारा. बरेच दिवस तर्कवितर्क चालले, मग सप्टेंबरमधे यूट्यूबनं स्वतः सांगितलं की ब्लॉकर आणि तसली साधनं वापरणाऱ्या प्रेक्षकांमुळं दिसणाऱ्या व्ह्यूजच्या आकड्याच्या अचूकतेवर परिणाम होऊ शकतो, आणि ज्या चॅनेलचा असा प्रेक्षक जास्त त्यांना या साधनांच्या अपडेटनुसार चढउतार जास्त दिसतील. ही बातमी आठवली म्हणून मला आमच्या आकड्यांचा अर्थ लागला.

दुसरं काही कारण नाही हे कसं ठरवलं?

तीन गोष्टी तपासल्या.

एक, खोटे व्ह्यूज काढले असतील का. प्लॅटफॉर्म अधूनमधून झाडाझडती घेतं आणि बॉटचे व्ह्यूज वजा करतं. तसं झालं की जुन्या व्हिडिओचा एकूण आकडा मागं जातो, म्हणजे काल 52 हजार होता तो आज 49 हजार. आमच्या एकाही जुन्या व्हिडिओचा आकडा मागं गेला नव्हता, फक्त पुढं जायचा वेग कमी झाला होता.

दोन, मोजायची व्याख्या बदलली का. हे होतं कधी कधी, उदाहरणार्थ यूट्यूबनं 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचा व्ह्यू मोजायची पद्धत बदलली, व्हिडिओ सुरू झाला किंवा परत लागला की व्ह्यू धरायला लागले, तेव्हा आकडे उलटे वाढले. पण व्याख्या बदलली तर ती सगळ्या डिव्हाइसवर बदलते, एकट्या कॉम्प्युटरवर नाही. आणि आमचे सगळे लांब व्हिडिओ.

तीन, लोकांना व्हिडिओ दाखवणंच कमी झालं का, म्हणजे पहिल्या मेलमधली माझी समजूत. तसं असतं तर मोबाइलवर पण दिसलं असतं, आणि लाइक कॉमेंट त्या प्रमाणात पडल्या असत्या. पडल्या नाहीत.

तारखा जुळत नाहीत, माझ्याकडं एक दिवस पुढंमागं दिसतंय.

टाइमझोन बघा. यूट्यूबच्या ॲनालिटिक्समधला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक टाइमनं धरतात, म्हणजे त्यांचा नवा दिवस आपल्याकडं दुपारी साडेबाराला उजाडतो आणि त्यांच्या हिवाळ्यात दीडला. बाकी प्लॅटफॉर्मचं आपापलं. मेलमधे तारीख लिहिताना "ॲनालिटिक्समधे दिसते ती तारीख" असं लिहा. आणि वाराशी वार लावा, रविवारचा आकडा मंगळवारशी लावून काही कळत नाही.

घरच्या घरी तपासून बघता येतं का?

येतं. दोन पायऱ्या आहेत.

पहिली सोपी. क्रोममधे ब्लॉकर चालू ठेवून स्वतःचा व्हिडिओ लावा, F12 दाबा, Console उघडा. अडवलेल्या निरोपासमोर असं दिसतं:

```
net::ERR_BLOCKED_BY_CLIENT
```

पण नुसती लाल ओळ दिसली म्हणून सापडलं असं धरू नका, त्यातल्या बऱ्याच ओळी खरोखरच जाहिरातीच्या असतात. ज्या पत्त्यात stats किंवा log असं काहीतरी आहे त्या ओळी बघा, आणि ब्लॉकर बंद करून तोच व्हिडिओ परत लावून त्या ओळी गायब होतात का बघा. यानं निरोप अडतोय एवढं कळतं, व्ह्यू बुडतोय हे नाही कळत. कारण त्या निरोपात व्ह्यूच असतो का दुसरं काही, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

म्हणून दुसरी पायरी, मोजून बघायची. आणि इथं मी एकदा तोंडावर पडलोय. पहिल्यांदा एका क्लासच्या लॅबमधे वीस पोरं बसवली, एकाच वायफायवर, सगळ्यांना एकाच वेळी एकच लिंक दिली. चार दिवसांनी आकडा बघितला तर सहा. ब्लॉकर असलेले नसलेले, दोन्हीतले बरेच उडाले. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एकाच लिंकवरून आलेले वीस व्ह्यूज म्हणजे त्यांच्या बॉट पकडणाऱ्या यंत्रणेला संशय येणारच, ती तिच्या जागी बरोबर. असली टेस्ट परत परत केली तर चॅनेललाच त्रास होईल, करू नका.

दुसऱ्यांदा नीट केलं. एक नवा व्हिडिओ अनलिस्टेड टाकला, सहा मिनिटांचा. 24 ओळखीची माणसं घेतली, प्रत्येकानं आपापल्या घरून, आपापल्या पीसीवर, दोन दिवसांत सवडीनं एकदाच पूर्ण बघायचा. 12 जणांकडं ब्लॉकर चालू, 12 जणांकडं अजिबात नाही. चार दिवस थांबलो, कारण आकडा तपासून स्थिर व्हायला वेळ लागतो. आकडा आला 13.

ब्लॉकर नसलेले 12 आले असं धरलं तर ब्लॉकरवाल्यातला एक कसा आला हे डोक्यात राहिलं. एकेकाला फोन लावला. जयसिंगपूरच्या एका मामांचा पीसी महिनाभर बंद होता, त्यांची यादी जुनीच होती. त्यांना ब्लॉकरच्या सेटिंगमधे जाऊन यादी अपडेट करायला लावली आणि दुसरा अनलिस्टेड व्हिडिओ दिला, त्याचा आकडा शून्यावरच राहिला. माझ्यासाठी सगळ्यात पक्का पुरावा हा. माणूस तोच, मशीन तेच, नेट तेच, फक्त यादी नवी.

24 माणसांची टेस्ट छोटी आहे, तिच्यावरून टक्केवारी काढू नका. कारण कुठलं आहे तेवढं ती सांगते, किती नुकसान झालं ते डिव्हाइसचे आकडे सांगतात.

एक सोपी युक्ती, क्रोमच्या इनकॉग्निटोमधे एक्स्टेन्शन आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाही, त्यामुळं पटकन फरक बघायला ती खिडकी बरी पडते.

दुसरा मेल कसा लिहिला?

इंग्लिशमधे पाठवला होता, मराठीत असा होतो:

> विषय: 10 मार्चपासून फक्त कॉम्प्युटरवरचे व्ह्यूज कमी मोजले जात आहेत, शिफारशीबद्दल तक्रार नाही
>
> नमस्कार,
>
> आमच्या चॅनेलवर ॲनालिटिक्समधल्या 10 मार्च या तारखेपासून कॉम्प्युटरवरचे रोजचे व्ह्यूज 3700 वरून 1850 वर आले आणि तिथंच स्थिर आहेत. मोबाइल 2200 आणि टीव्ही 300, दोन्हीत बदल नाही. रोजचे लाइक 250 वरून 247, कॉमेंट आणि कमाईत फरक नाही. तुलना आधीच्या आणि नंतरच्या 28 दिवसांची आहे. जुन्या व्हिडिओंचा एकूण आकडा कुठेही मागे गेलेला नाही.
>
> 24 जणांच्या चाचणीत ब्लॉकर नसलेले 12 आणि असलेले 12 होते, मोजले गेले 13. तेरावा जुनी यादी असलेल्या मशीनवरचा होता, यादी अपडेट केल्यावर त्याच मशीनवरून व्ह्यू नोंदला गेला नाही. ब्राउझरमधल्या अडवलेल्या निरोपाचा फोटो जोडला आहे.
>
> आमचे तीन प्रश्न आहेत. व्ह्यू मोजणारा निरोप अशा साधनांमुळे अडतो आहे हे तुमच्याकडून तपासता येईल का? न मोजलेले व्ह्यूज नंतर भरून मिळतात का? आणि न मोजलेलं बघणं शिफारशीत धरलं जातं का?
>
> सोबत दोन्ही काळातील डिव्हाइसप्रमाणे सीएसव्ही फाइल जोडली आहे.

विषयाच्या ओळीतच "शिफारशीबद्दल तक्रार नाही" लिहिलं ते मुद्दाम, म्हणजे ठरलेलं उत्तर चिकटवायला जागा राहू नये. मेहनत, पाच वर्षं, अन्याय हे सगळं काढून टाकलं. ते खरं आहे, पण ते वाचून समोरच्या माणसाला काय तपासायचं ते कळत नाही. 28 दिवस घेतले कारण त्यात चार पूर्ण आठवडे येतात, प्रत्येक वार सारख्याच वेळा. आणि सीएसव्ही फाइलच जोडली, स्क्रीनशॉट नाही, कारण स्क्रीनशॉटवरचे आकडे त्यांना परत टाइप करावे लागतात आणि ते कुणी करत नाही.

जुन्या बंद तिकिटावर रिप्लाय केला नाही, नवं तिकीट काढलं, त्यात जुन्याचा नंबर दिला.

उत्तर आलं का?

11 दिवसांनी. यावेळी माणसानं लिहिलेलं होतं, आमचेच आकडे त्यात परत आले होते त्यावरून कळलं. त्यांनी मान्य केलं की घट कॉम्प्युटरच्या ब्राउझरपुरती आहे आणि मजकूर अडवणाऱ्या साधनांशी ती जुळते, त्यांच्या बाजूनं चॅनेलवर कुठलंही बंधन नाही.

भरून मिळण्याबद्दल सरळ नाही म्हणाले. जो निरोप पोचलाच नाही त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही तर परत काय देणार. हे ऐकायला कडू आहे पण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, अंदाजानं व्ह्यूज वाढवून द्यायला लागले तर आकड्याला अर्थच राहणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे शिफारशीत धरतात का, त्याला सरळ उत्तर आलं नाही. त्यासाठीच तिकीट अजून उघडं ठेवलंय. माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आकडा कमी दिसला तर मी सहन करीन, पण उद्यमनगरातला पोरगा पाचव्यांदा बघतो आणि यंत्रणेला तो दिसतच नसला तर त्याच्यासारख्या दुसऱ्या पोरापर्यंत व्हिडिओ जाणार कसा.

पैशाचं नुकसान किती?

जाहिरातीच्या कमाईत जवळजवळ काहीच नाही. ब्लॉकरवाल्याला जाहिरात आधीही दिसत नव्हती, त्याचे पैसे आधीही येत नव्हते. उलट कमाई जागची हलली नाही हाच एक पुरावा होता.

मग स्पॉन्सरला काय सांगितलं?

नुकसान खरं इथं होतं. आम्हाला इन्सर्ट आणि टूल होल्डर विकणारे एक डीलर दर व्हिडिओमागं पैसे देतात, आणि बोलणं झालंय ते पहिल्या 30 दिवसांतल्या व्ह्यूजवर. मार्चचा व्हिडिओ ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिला आणि ते म्हणाले पैसे कमी घ्या. त्यांचंही चूक नाही, त्यांना एकच आकडा दिसतो.

मी फाइल घेऊन त्यांच्या दुकानी गेलो. मोबाइलचे आकडे आधीइतकेच आहेत, लाइक आधीइतकेच आहेत, सपोर्टचं उत्तर हे, असं समोर ठेवलं. त्यांना सगळ्यात जास्त पटलं ते त्यांच्याच वहीतलं. आमच्या व्हिडिओचं नाव सांगून फोन करणाऱ्याला ते सूट देतात, त्या फोनची नोंद असते. फेब्रुवारीत 31 फोन, मार्चमधे 33. बोलणं तिथंच संपलं, पैसे पूर्ण मिळाले. आता नव्या करारात व्ह्यूजच्या जागी फोनचा आकडा लिहिलाय. ज्यांचा प्रेक्षक पीसीवरचा आहे त्यांनी स्पॉन्सरशी बोलताना ही अट आधीच घालून घ्या असं मी म्हणेन, कारण यादी परत कधी बदलेल सांगता येत नाही.

प्रेक्षकांना ब्लॉकर बंद करा म्हणून सांगावं का?

मी नाही सांगितलं. तो पोरगा हात तेलकट असताना मशीनजवळून पीसीकडं येतो, त्याला जाहिरात अडवायचा हक्क आहे आणि खोट्या जाहिरातींपासून तो वाचतोही. फक्त एका व्हिडिओच्या शेवटी काय झालंय ते समजावून सांगितलं आणि ज्याला वाटेल त्यानं आमच्या चॅनेलपुरता ब्लॉकर सोडावा एवढं म्हटलं. पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरचे व्ह्यूज 1850 वरून 2000 च्या आसपास आले. जास्त नाही, पण ज्यांनी केलं त्यांनी आपणहून केलं.

यादी सांभाळणाऱ्यांना लिहिता येत नाही का?

येतं, त्यांच्याकडं चुकीचा नियम कळवायची जागा असते आणि लिहिलंही आहे. पण तिथं जाताना एक समजून जा की त्यांच्या दृष्टीनं नियम चुकीचा असतो तो साइट मोडली तर. व्हिडिओ चालतोय, आवाज येतोय, मग त्यांच्यासाठी काही मोडलेलं नाही. त्यांची बांधिलकी बघणाऱ्याशी आहे, चॅनेलवाल्याशी नाही. म्हणून मी तिथं "व्ह्यूज बुडाले" लिहिलं नाही, तर ब्लॉकर चालू असताना बघणाऱ्याचा व्हिडिओ अर्धवट सोडलेल्या जागेपासून परत सुरू होत नाही, दर वेळी पहिल्यापासून लागतो, हे लिहिलं. हे त्या वर्कशॉपमधल्या पोरानंच सांगितलं होतं, निरोप अडल्यापासून त्याची जागा लक्षात राहत नाही. त्या नोंदीखाली आत्तापर्यंत दोघांनी आपल्याकडंही तसंच होतंय असं लिहिलंय, नियम अजून तसाच आहे.